नटबोल्टविना लोखंडी रॅक: जोडणी आणि वजनाची वाटणी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

फोंड्यात माझं रॅक जोडून देण्याचं छोटं काम आहे. वर्षातून दोनदा फोन थांबत नाहीत. एकदा मे महिन्यात, घरोघरी पुरुमेंताची भरणी सुरू झाली की, आणि दुसऱ्यांदा चवथीच्या आधी, माळ्यावरचं सामान खाली आलं की. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत. उदाहरणं सगळी एकाच मापाच्या रॅकवर दिली आहेत: १२० सेंटिमीटर रुंद, ४५ खोल, १८० उंच, पाच फळ्या, आणि लेबलावर ‘प्रत्येक फळीला १५० किलो’. घरात आणि छोट्या दुकानात जास्त करून हेच माप जातं.

हा रॅक जुन्या अँगल रॅकपेक्षा वेगळा कसा?

जुन्या अँगल रॅकमध्ये प्रत्येक कोपऱ्याला नटबोल्ट आवळावे लागतात. या रॅकमध्ये चार उभे खांब असतात आणि त्यांवर किल्लीच्या भोकासारख्या खाचा असतात, वर रुंद आणि खाली अरुंद. आडव्या बीमच्या दोन्ही टोकांना रिव्हेट असतात. रिव्हेटचं डोकं खाचेच्या रुंद भागातून आत घालायचं आणि बीम खाली ठोकायचा, की डोकं अरुंद भागात अडकतं. बीम खांबावर टांगलेला असतो म्हणा ना. वरून वजन आलं की तो आणखी घट्ट बसतो. म्हणूनच बोल्ट लागत नाहीत, आणि म्हणूनच खालून वर धक्का बसला तर मात्र बीम निसटू शकतो. जड खोका आत सरकवताना वरच्या बीमला खालून आदळू नका, हे त्याचसाठी सांगतो.

लांब बीम पुढे आणि मागे लागतात, आखूड बीम दोन्ही बाजूंना. बीमच्या आतल्या अंगाला एक पायरी असते, तिच्यावर फळी टेकते.

हत्यारं काय लागतात?

रबरी हातोडी, लेव्हल, मेजर टेप, मार्कर आणि एक माणूस मदतीला. रबरी हातोडी नसेल तर साध्या हातोडीखाली लाकडाचा तुकडा धरून ठोका. लोखंडावर लोखंड मारलं की पावडर कोटिंगचा टवका उडतो, आणि आपल्या हवेत त्याच जागी पहिल्या पावसात तांबूस डाग दिसतो. हातमोजे घाला. खांबाच्या कडा धारदार असतात.

कोणत्या क्रमाने जोडायचं?

आधी चारही खांब शेजारी शेजारी जमिनीवर ठेवा आणि खाचांचं अरुंद टोक पायाच्या बाजूला आहे का ते बघा. एखादा खांब उलटा लागला तर त्यात बीम अडकतच नाही, पण हे बऱ्याचदा अर्धा रॅक उभा राहिल्यावर लक्षात येतं. मग खालून खाचा मोजून, प्रत्येक फळी जिथे येणार त्या खाचेवर चारही खांबांवर मार्करने खूण करा. एक खाच चुकली की फळी तिरकी बसते आणि चारऐवजी तीनच कोपऱ्यांवर टेकते. ही खूण करायला पाच मिनिटं लागतात, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त लोक नेमकं हेच टाळतात.

काही रॅकमध्ये खांब दोन तुकड्यांत येतो आणि मध्ये जोडपट्टी असते. सांधा पूर्ण आत बसवा, आणि जमलं तर एक फळी सांध्याच्या अगदी जवळ येईल अशी खूण करा. तिथल्या बीममुळे सांधा डुलत नाही.

आता दोन खांब जमिनीवर आडवे ठेवून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आखूड बीम लावा. अशी एक बाजू तयार झाली, की दुसरीही तशीच करा. दोन्ही बाजू उभ्या करून एकाने धरायच्या आणि दुसऱ्याने खालचे दोन लांब बीम लावायचे, मग वरचे दोन. या टप्प्याला बीम हाताने दाबून नुसते अडकवा, ठोकू नका.

ठोकण्याआधी रॅक गुण्यात आहे का, म्हणजे कोपरे काटकोनात आहेत का, ते कर्ण मोजून बघायचं. समोरून, एका खांबाच्या तळापासून दुसऱ्याच्या माथ्यापर्यंत, दोन्ही कर्ण २१६ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवेत. वरून, फळीच्या जागी, ते १२८ च्या आसपास येतील. आकडा नेमका काय येतो याला फार महत्त्व नाही, कारण खांबाच्या जाडीमुळे तो थोडा इकडेतिकडे होतोच. दोन कर्ण एकमेकांशी जुळले पाहिजेत. फरक पाच मिलिमीटरच्या आत आला की पुरे. जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्याला आत ढकला. मग खालून वर जात सगळे कोपरे थोडे थोडे ठोका, एकच कोपरा शेवटपर्यंत नाही. त्यानंतर मधले बीम लावा आणि सगळ्यात शेवटी फळ्या.

रिव्हेट पक्का बसला हे कसं कळतं?

आवाजावरून. बीम सरकत असतो तोवर हातोडीचा आवाज बद्द येतो. तळाला टेकला की तो टणक होतो आणि पुढचे घाव वाया जातात. डोळ्यांनीही तपासता येतं: रिव्हेटच्या मानेखाली खाचेत मोकळी जागा दिसता कामा नये. शेवटी बीम दोन्ही हातांनी वर उचलून बघा. सहज उचलला गेला तर तो बसलेला नाही. ज्या बीमला प्रत्येक टोकाला दोन रिव्हेट असतात, त्यात वरचा बसून खालचा बाहेर राहिलेला मी बरेचदा पाहिला आहे. तो कोपरा समोरून ठीक दिसतो, वाकून बघितलं तरच कळतं.

आमच्या कोठीची जमीन उतारात आहे. रॅक डुलतो. खाली काय घालू?

पाणी वाहून जावं म्हणून जुन्या घरांत कोठीला उतार दिलेला असतोच. पायाखाली लोखंडी पत्र्याचे किंवा कडक प्लास्टिकचे तुकडे घाला. पुठ्ठा नको, तो ओल धरून दबतो. लाकडाची चीप नको, तिला वाळवी लागते. तुकडा पायापेक्षा मोठा, निदान दहा सेंटिमीटर चौरस घ्या. पाचही फळ्या पूर्ण भरल्या तर रॅकवर ७५० किलो असतात आणि एकेका खांबाच्या टोकावर १८७. एवढं वजन रुपयाच्या दोन-चार नाण्यांएवढ्या जागेवर आलं तर खाली पोकळ असलेली टाइल फुटते. बोटाने टाइलवर टकटक करून पोकळ आवाज येतो का ते आधीच बघा.

लेव्हल फळीवर ठेवून तपासा, आणि खांबालाही लावा. रिकामा रॅक सरळ दिसला तरी भरल्यावर पुन्हा एकदा बघायचं, कारण पाय तेव्हाच दबतात.

लेबलावर १५० किलो आहे. म्हणजे फळीवर कसंही १५० किलो ठेवलं तर चालेल ना?

नाही. तो आकडा सारख्या पसरलेल्या वजनाचा असतो. लेबलावर कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘यूडीएल’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ हाच. १५० किलो फळीभर सारखे पसरले तर पुढच्या लांब बीमवर ७५ येतात आणि मागच्यावर ७५. प्रत्येक बीम या ७५ च्या हिशेबानेच केलेला असतो. वाटणी बिघडली की एकूण वजन बरोबर असूनही एक बीम हद्द ओलांडतो.

साखळीच्या एका किराणा दुकानदाराचं प्रकरण सांगतो, त्यात सगळं येतं. त्यांनी रॅक स्वतःच जोडला होता, आणि जोडला छान होता. सगळ्यात खालच्या फळीवर त्यांना खोबरेल आणि सोयाबीन तेलाचे १५ लिटरचे डबे ठेवायचे होते. डब्यासकट एकेक साधारण १५ किलो. पाच डबे शेजारी शेजारी १२० सेंटिमीटरमध्ये कसेबसे मावतात. पण डबा असतो साडेतेवीस सेंटिमीटर चौरस आणि फळी ४५ खोल. दुसरी रांग लावायला दोन सेंटिमीटर कमी पडतात! म्हणून त्यांनी एकच रांग लावली, हाताशी यावी म्हणून अगदी पुढच्या कडेला, आणि तिच्यावर आणखी पाच डबे चढवले. दहा डबे, बरोबर १५० किलो. मला म्हणाले, “दादा, मी काट्यावर मोजून ठेवलंय, एक किलो जास्त नाही. मग पुढची पट्टी का वाकली?”

हिशेब करून दाखवला. डब्याचा मध्य पुढच्या कडेपासून १२ सेंटिमीटरवर आणि मागच्या कडेपासून ३३ वर. लहान मुलांच्या सी-सॉसारखंच आहे, वजन ज्या टोकाजवळ, त्या टोकावर जास्त भार. पुढच्या बीमच्या वाट्याला ४५ पैकी ३३ भाग, म्हणजे ११० किलो. मागच्याला उरले ४०. पुढचा बीम ७५ साठी केलेला, त्याच्यावर जवळजवळ दीडपट. दोरा ताणून मोजलं तेव्हा पुढचा बीम मध्यभागी ८ मिलिमीटर खाली होता आणि मागचा ३. फळीही पुढे झुकली होती, त्यामुळे डबे आणखी पुढे सरकायला बघत होते.

उपाय साधा होता. डब्यांची एकच थर ठेवली, म्हणजे ७५ किलो. ती पुढेच राहू दिली, कारण गिऱ्हाईक उभं असताना मागे हात घालायला कुणाला वेळ आहे? तिचे ५५ किलो पुढच्या बीमवर आले आणि २० मागच्यावर. डब्यांच्या मागे जी २१ सेंटिमीटर जागा उरते तिथे साबणाचे खोके लावले, ४० किलो. त्यांतले ९ पुढे आणि ३१ मागे. आता पुढच्या बीमवर ६४ आणि मागच्यावर ५१. एकूण ११५ किलो, आणि दोन्ही बीम हद्दीत. उरलेले पाच डबे वरच्या फळीवर, याच रीतीने.

पण वरची फळी होती कुठे? डब्यावर डबा चढवला की ७० सेंटिमीटर उंची लागते, आणि दोन फळ्यांमध्ये अंतर फक्त ४२. म्हणून त्यांनी दुसरी फळी लावलीच नव्हती, तिचे चारही बीम दुकानाच्या मागे भिंतीला टेकून उभे होते. ही दुसरी चूक पहिलीपेक्षा मोठी, तिचं उत्तर खाली वेगळं दिलं आहे.

तांदळाची पोती फळीच्या मधोमध ठेवतो. दोन्ही खांबांवर सारखंच वजन जातं, मग काय बिघडतं?

खांबांना काहीच फरक पडत नाही, बीमला पडतो. बीम मधोमध सगळ्यात जास्त वाकतो. तेच वजन सगळं एका बिंदूवर, अगदी मध्यावर आलं, तर बीमवरचा वाकवणारा जोर पसरलेल्या वजनाच्या दुप्पट होतो. पोतं म्हणजे बिंदू नव्हे, ते साधारण ६० सेंटिमीटर जागा घेतं, म्हणजे फळीचा मधला अर्धा भाग. तेव्हा जोर दीडपट होतो. ५० किलोची दोन पोती मध्ये एकावर एक ठेवली तर काट्यावर १०० किलो, पण बीमच्या दृष्टीने ते पसरलेल्या १५० एवढे आहेत. म्हणजे हद्द तिथेच संपली, त्याच फळीवर आता काजूबियांची पिशवीसुद्धा नको.

तीच दोन पोती शेजारी शेजारी, एक डाव्या खांबाजवळ आणि एक उजव्या, अशी ठेवली की फळी भरल्यासारखी होते आणि १०० म्हणजे १०० च राहतात. एकच जड वस्तू असेल, समजा पाटावरवंटा किंवा घरगुती चक्की, तर ती मध्ये नको, खांबाजवळ ठेवा. मात्र वरखालच्या फळ्यांवर एकाच बाजूला सगळं जड नको, नाहीतर त्या बाजूचे दोन खांब सगळा रॅक उचलत बसतात.

मध्ये आडवा दांडा दिला आहे. तो लावला की फळी जास्त वजन घेते का?

फळी घेते, बीम नाही. पुढच्या बीमपासून मागच्या बीमपर्यंत जाणारा हा दांडा फळीला मध्ये टेकू देतो, त्यामुळे फळीला झोळ येत नाही. पण दांडा स्वतः टेकतो कुठे? लांब बीमच्याच मध्यावर. म्हणजे फळीचं ओझं तो बीमच्या सगळ्यात नाजूक जागी नेऊन ठेवतो. तेव्हा दांडा जरूर लावा, तो काढून फेकू नका, पण त्याच्या भरवशावर लेबलावरचा आकडा ओलांडू नका.

प्लायवूड स्वतः कापून घालणार असाल तर वरचे रेषे पुढून मागे जातील असे कापा, लांबीच्या दिशेने नाही. फळी वजन पेलते ते ४५ सेंटिमीटरच्या छोट्या अंतरावर, रेषे त्याच दिशेने असले की ती ताठ राहते. सुतार सवयीने उलटं कापतो, कारण लांब तुकडा दिसायला बरा दिसतो.

उंच वस्तूसाठी एक फळी काढली तर बाकीच्या चार तेवढंच वजन घेतील ना?

हा प्रश्न चवथीला हमखास येतो. माटोळीचं सामान, मोठी समई, पितळी पिंप, काहीतरी उंच ठेवायचं असतं. लोकांना वाटतं एक फळी कमी म्हणजे १५० किलो कमी, रॅकला आरामच.

खांब बारीक पत्र्याचा असतो. वरून दाबलं तर तो चिरडत नाही, कमानीसारखा बाहेर फुगतो आणि मग एकदम मोडतो. एक लांब वेताची काठी टोकावर दाबून बघा, लगेच वाकते. तीच अर्धी तोडून दाबा, वाकवायला किती जोर लागतो ते कळेल. बीम खांबाला मध्ये मध्ये धरून ठेवतात, म्हणून खांब छोट्या छोट्या काठ्यांसारखा वागतो. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचं सूत्र मांडलं: न धरलेली लांबी दुप्पट झाली की खांबाची वाकण्याविरुद्धची ताकद चौथाई होते. अर्धी नाही, चौथाई. साखळीच्या रॅकमध्ये खालचं अंतर ४२ चं ८४ झालं होतं. नेमकं खालीच, जिथे वरच्या तीन फळ्यांचं सगळं ओझं खांबांतून उतरतं. खऱ्या रॅकमध्ये पत्र्याची जाडी, खाचा आणि सांध्यांमुळे हिशेब जरा वेगळा येतो, पण दिशा हीच.

म्हणून फळी काढायचीच तर सगळ्यात वरचं अंतर वाढवा, तिथे खांबावर ओझं कमी असतं. आणि उंच वस्तू खालीच हवी असेल तर फळी काढा, पण त्या जागचे दोन्ही आखूड बीम आणि मागचा लांब बीम राहू द्या. पुढचा तेवढा मोकळा. यामुळे पूर्ण ताकद परत येत नाही, पुढचे खांब डाव्या-उजव्या दिशेने न धरलेलेच राहतात, तेव्हा वरच्या फळ्यांवर हलकंच सामान ठेवा. त्या दुकानदाराने दुसरी फळी परत लावली आणि भांडण संपलं.

आधी कोणती फळी भरायची?

सगळ्यात खालची, आणि जड सामान तिथेच. रिकामं करताना वरून खाली. आगळाच्या काचेच्या बाटल्यांचे खोके लोक वर ठेवतात, मुलांचा हात पोचू नये म्हणून. बारा बाटल्यांचा खोका पंधरा किलोंच्या आसपास जातो. असे सहा खोके सगळ्यात वर म्हणजे ९० किलो डोक्याच्या उंचीवर. वर पापड, पोह्यांच्या पिशव्या, रिकामे डबे ठेवा.

भिंतीला बांधायलाच हवा का? आमची भिंत चिऱ्याची आहे.

उंची खोलीच्या चौपटीहून जास्त झाली की बांधायचाच, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. १८० आणि ४५ म्हणजे आपण नेमके रेषेवर आहोत. घरात पोर असेल तर रेषा विसरा आणि बांधा. फळीला धरून चढण्याचा मोह कुठल्या पोराला होत नाही?

चिरा मऊ आणि भोकाभोकांचा असतो. त्यात ड्रिल हॅमरवर ठेवून चालवलं की भोक रुंदावतं आणि साधा प्लास्टिकचा गुल्ला गोल गोल फिरतो. हॅमर बंद करून, बारीक बिटने सुरुवात करून भोक पाडा. गिलाव्याची जाडी धरू नका, गुल्ला त्याच्या मागे चिऱ्यात किमान सहा सेंटिमीटर जायला हवा. जुन्या घरांत चिऱ्यांमधला सांधा मातीचा असतो, तिथे भोक पाडलं तर नुसती धूळ निघते, चिऱ्याच्या मधोमध पाडा. माझी आवडती पद्धत अशी: रॅकच्या रुंदीएवढी एक सागवानी किंवा लोखंडी पट्टी भिंतीला चार ठिकाणी पक्की करायची आणि मागचे दोन खांब त्या पट्टीला बांधायचे. एक गुल्ला सैल झाला तरी तीन उरतात. लिंटेलचा काँक्रीट पट्टा हाताशी असेल तर सरळ त्यातच अँकर मारा.

भिंतीपासून रॅक चार-पाच सेंटिमीटर पुढे ठेवा. जून ते सप्टेंबर ती भिंत घाम गाळते.

पावसाळ्यात फळी फुगली. रॅकचा दोष का?

नाही, फळीचा. पार्टिकल बोर्ड भुश्याचा असतो, कडेने पाणी पितो, फुगतो आणि मग ताकद घालवतो. आपल्याकडे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, कोठीची खिडकी बंद असली तरी हवा ओलीच असते. फळी बसवण्याआधी चारही कडांना ऑइल पेंटचे दोन हात द्या. पेडणे, बार्देश, सालसेत इथे समुद्राजवळ राहत असाल तर सरळ मरीन प्लाय किंवा पत्र्याची फळी घ्या. मरीन प्लायवर आयएस ७१० असा शिक्का असतो. मिठाची पोती आणि सुकी मासळी उघडी ठेवू नका, प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. मिठाचं पाणी खाचेत उतरलं की रिव्हेट आतून गंजतो आणि बाहेरून काही दिसत नाही.

वाकलेली फळी उलटी करून घालण्याची युक्ती बरेचजण करतात. कोरडी असेल तर चालते. फुगलेली फळी उलटून काही उपयोग नाही, ती बदला.

बीम जास्त वाकलाय हे घरच्या घरी कसं ओळखायचं?

बीमच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणा आणि मध्ये दोरा व बीम यांत किती फट आहे ते मोजा. लांबीचा दोनशेवा भाग ही नेहमीची मर्यादा धरतात, म्हणजे १२० सेंटिमीटरला ६ मिलिमीटर. त्याहून जास्त दिसलं तर सामान उतरवा आणि पुन्हा मोजा. फट नाहीशी झाली तर बीम लवचीक होता, वाटणी सुधारून पुन्हा वापरा. रिकामा असतानाही दोन-तीन मिलिमीटर वाक उरला तर पोलाद कायमचं वाकलं आहे, तो बीम बदला. साखळीचा पुढचा बीम रिकामा झाल्यावर सरळ झाला, म्हणून वाचला.

फक्त खाली वाकणं बघू नका. पुढचा बीम स्वतःभोवती पिळून बाहेरच्या अंगाला कलंडलेला दिसला, खाच लांबट झालेली दिसली किंवा खांब दोन फळ्यांमध्ये बाहेर फुगलेला दिसला, तर दोरा वगैरे मोजत बसू नका. वरून खाली सामान उतरवायला घ्या.

वाकलेला खांब ठोकून सरळ केला तर?

दिसायला सरळ होतो. घडी पडलेल्या पत्र्याची ताकद परत येत नाही, पुढच्या वेळी तो तिथेच मोडतो. खांबावर पैसे वाचवू नका.

जुना रॅक म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून घेतला. लेबल नाही. किती वजन ठेवू?

जाडी बघून मी आकडा सांगत नाही, आणि कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. दिसायला सारख्याच दोन बीममध्ये पत्र्याची जाडी आणि पोलादाची जात वेगळी असू शकते. वर दिलेली दोऱ्याची परीक्षा फक्त वाक दाखवते, रिव्हेट कधी तुटेल ते नाही. असा रॅक कपडे, चटया, चवथीचं मखर अशा हलक्या सामानाला ठेवा. तेलाचे डबे नकोत.

एक मात्र आवर्जून बघा: सगळे बीम एकाच कंपनीचे आहेत का. दोन वेगळ्या रॅकचे तुकडे बाजारात एकत्र बांधून विकतात. रिव्हेट खाचेत जातो पण तळाला टेकत नाही, सैल डुलतो. तसा एक जरी बीम निघाला तरी परत करा.

घर बदलताना उकलायचा कसा?

सामान आणि फळ्या काढल्यावर बीमला खालून वर, टोकाच्या अगदी जवळ, रबरी हातोडीने ठोका. दोन्ही टोकं आलटून पालटून. एकच टोक जोरात मारलं की दुसऱ्या टोकाचा रिव्हेट खाचेत तिरका अडकतो. अडकलाच तर जोर करू नका, वर उठलेलं टोक परत खाली बसवा आणि पुन्हा सुरुवात करा. गंजाने धरलेल्या जागी खोबरेलाचे दोन थेंब सोडून रात्रभर ठेवलं तरी काम होतं. उकललेले बीम आखूड आणि लांब असे वेगळे बांधा, आणि खांबांवरच्या मार्करच्या खुणा पुसू नका.